पिवळ्या पिशवीतून किती प्रोटीन जातं?

*मॅडम, मी नागपुरात धंतोलीच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूची आहारतज्ज्ञ आहे. नोकरीला दीड वर्ष झालं. काटोलकडचे ५२ वर्षांचे संत्रा बागायतदार, वजन ६० किलो, स्क्रब टायफसमधून सेप्टिक शॉक, व्हेंटिलेटर, लघवी बंद, सीआरआरटीचा, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या सावकाश डायलिसिसचा, आज चौथा दिवस. युरिया १६८ होता, आज ९० आहे. किडनीचे डॉक्टर म्हणतात, किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन हवंच. आयसीयूचे सर म्हणतात, नव्या अभ्यासानंतर १.२ च्या पुढे नको. माझ्या सीनियरने २.५ लिहून ठेवलंय. पेशंटचा भाऊ रोज विचारतो, 'किडनी फेल आहे तर पावडर काहून देऊन राहिले?' मशीनमधून नक्की किती प्रोटीन जातं, आणि ते धरून मी किती द्यायचं?*

*— एक आहारतज्ज्ञ, धंतोली*

तुझ्या वयाच्या मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

आधी आकडा सांगते. या पेशंटला दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम. आजच्या आज एवढं नको, दोन-तीन दिवसांत चढत न्यायचं. या ९० ग्रॅममधले मशीनच्या वाट्याचे जेमतेम १० ते १२ ग्रॅम आहेत. बाकीचं सगळं पेशंटसाठीच आहे. मशीन खूप प्रोटीन खातं म्हणून दुप्पट द्या, असं आयसीयूत सर्रास बोललं जातं. पिशवी मोजून पाहिली की ते खरं ठरत नाही.

पिशवीतून काय जातं ते नीट बघ. अमिनो आम्लं फार लहान असतात. ग्लायसिनचा रेणुभार ७५, ट्रिप्टोफॅनचा २०४. अल्ब्युमिन ६६ हजारांच्या वर. सीआरआरटीची गाळणी अल्ब्युमिन बऱ्यापैकी अडवते, पण अमिनो आम्लांना तिच्यातून जवळपास मोकळी वाट असते. आपल्या किडनीतही तसंच होतं. निरोगी माणसाची किडनी दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळते आणि त्यात अमिनो आम्लं असतातच. पण पुढच्या नळ्या ती जवळजवळ सगळी परत शोषून रक्तात आणतात. मशीनला त्या नळ्या नाहीत. जे गाळलं गेलं ते पिवळ्या लाइनमधून थेट पिशवीत.

किती गेलं, हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्तात अमिनो आम्लं किती आहेत आणि पिशवीत किती लिटर जमलं. रक्तातल्या मोकळ्या अमिनो आम्लांमुळे एका लिटर एफ्लुअंटमध्ये, म्हणजे पिशवीत जमणाऱ्या द्रवात, साधारण ०.२ ते ०.३ ग्रॅम जातात. तुझ्या पेशंटला किलोमागे तासाला २५ मिली हा नेहमीचा डोस धरू. म्हणजे तासाला दीड लिटर, चोवीस तासांत ३६ लिटर. पण मशीन चोवीस तास चालत नाही. फिल्टर गोठतो, सीटीला न्यावं लागतं, नवा सेट लावेपर्यंत तास-दीड तास निघून जातो. समज ते २० तास चाललं, तर ३० लिटर. पाच लिटरच्या सहा पिशव्या. त्यात ६ ते ९ ग्रॅम अमिनो आम्लं गेली. शिवाय लहान प्रोटीन आणि पेप्टाइडं मिळून थोडे ग्रॅम, ते फिल्टरच्या जातीवर अवलंबून. एकूण १० ते १२. पुस्तकांत दिवसाला १० ते १५ ग्रॅम लिहिलेलं असतं, त्याच्याशी हे जुळतं. तुमच्याकडे कुणी डोस ३५ पर्यंत चढवला तर नुकसानही त्याच पटीत वाढेल. तेवढा डोस सहसा लागत नाही. २००८ आणि २००९ च्या दोन मोठ्या चाचण्यांत जास्त डोसने मृत्यू कमी झाले नाहीत, तेव्हापासून २० ते २५ वरच सगळे थांबतात.

आता जोडणी सोपी आहे. अतिदक्षता विभागातल्या पेशंटसाठी युरोपीय मार्गदर्शनात हळूहळू १.३ ग्रॅमपर्यंत जायला सांगितलंय. ६० किलोला ते ७८ ग्रॅम होतात. त्यात पिशवीतले १२ मिळव. ९०. किलोमागे दीड. किडनीच्या पेशंटसाठीच्या २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शनात सीआरआरटीवर १.५ ते १.७ दिलंय आणि केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शनात १.७ ही कमाल मर्यादा आहे. तुझ्या किडनीच्या डॉक्टरांचा आकडा तिथून आलाय.

वजन मात्र खाटेचं घेऊ नकोस. सेप्टिक शॉकमध्ये सलाइन भरून माणूस आठ-दहा किलोने फुगलेला असतो. तू ६० लिहिलंस ते आजारापूर्वीचं आहे का, एवढं बघ. तो भाऊ रोज येतो ना, त्याला विचार की दादांचं वजन शेवटचं कधी आणि कुठे केलं होतं. पॅन्टचा पट्टा कितव्या छिद्राला लागायचा, हेसुद्धा मी विचारलेलं आहे.

आता तुझ्या सीनियरचं २.५. हा आकडा हवेतला नाही. २००३ साली सीआरआरटीवरच्या ५० पेशंटांवर एक अभ्यास झाला होता. त्यात प्रोटीन वाढवत २.५ पर्यंत नेलं तेव्हा नायट्रोजनचा ताळेबंद अधिकात आला, म्हणजे प्रोटीनमधून जितका नायट्रोजन शरीरात गेला त्यापेक्षा कमी बाहेर पडला. त्यावरून २.५ हा आकडा अमेरिकी मार्गदर्शनातही गेला. पण ताळेबंद अधिकात आला म्हणजे स्नायू वाढला किंवा पेशंट वाचला असं नाही. आणि हाच ताळेबंद आपल्या आयसीयूत चुकीच्या पद्धतीने काढला की २.५ सुद्धा कमी वाटायला लागतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयात नवी होते. पिशवीतला युरिया मोजून नायट्रोजन काढायचा, हे एका जुन्या टिपणात वाचलं होतं. मोठ्या उत्साहाने नमुना पाठवला, गुणाकार केला आणि डॉक्टरांना सांगितलं की हा पेशंट दिवसाला १८० ग्रॅम प्रोटीन जाळतोय. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दोन दिवस आम्ही त्याला प्रोटीन ओतलं. युरिया वाढायला लागला, तेव्हा बायोकेमिस्ट्रीच्या एका ज्येष्ठ मॅडमनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, "हा युरिया आहे की युरिया नायट्रोजन?" परदेशी टिपणात बीयूएन होतं, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडच्या बहुतेक लॅब 'ब्लड युरिया' देतात, म्हणजे अख्खा युरिया. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजनचे २८. म्हणून आपला आकडा २.१४ ने भागायचा. मी भागला नव्हता. त्या पेशंटला मी गरजेच्या दुप्पट मोजलं होतं, हे मला अजून लागतं.

तुझ्या पेशंटचा हिशोब आपण बरोबर करू. आकडे उदाहरणादाखल घेते, तुझे तू बसव. काल सकाळी रक्तातला युरिया ९४ होता, आज सकाळी ९० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. एफ्लुअंटचा युरिया ८६. पिशव्या ३० लिटर. लघवी जवळपास नाही.

८६ ला २.१४ ने भाग, ४० मिलिग्रॅम. म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम युरिया नायट्रोजन. ३० लिटरमध्ये १२ ग्रॅम. पण यातला थोडा कालचा साठा आहे, कारण रक्तातला युरिया चारने उतरला. हा साठा शरीरातल्या सगळ्या पाण्यात असतो. ६० किलोच्या माणसात ते सुमारे ३६ लिटर, म्हणजे ३६० डेसीलिटर. युरिया चारने उतरला म्हणजे नायट्रोजन सुमारे १.९ ने. ३६० ने गुणलं की ०.७ ग्रॅम. तो वजा केला, राहिले ११.३. आता पिशवीत गेलेली अमिनो आम्लं आणि लहान प्रोटीन, साधारण १२ ग्रॅम, त्यांचा नायट्रोजन २ ग्रॅम. शौच, त्वचा, क्रिएटिनिन वगैरे मिळून आणखी २. बेरीज सव्वापंधरा ग्रॅम. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रोटीन, म्हणून त्याला ६.२५ ने गुण. ९५ ग्रॅम प्रोटीन रोज मोडतंय.

हेच २.१४ ने न भागता केलंस तर युरियाचेच २४ ग्रॅमच्या वर होतात, वरचे ४ मिळवले की २८, आणि उत्तर येतं सुमारे १७५ ग्रॅम. किलोमागे २.९! कागदावर असा आकडा दिसला की २.५ लिहायला कुणाचाही हात धजतो. तुझ्या सीनियरने कुठला युरिया धरला होता, हे एकदा आदराने विचारून बघ.

दुसरी फसगत होते ती पहिल्या दिवशी. मशीन लावलं त्या दिवशी युरिया १६८ वरून १२० वर आला असेल, तर ४८ ची घट. नायट्रोजनमध्ये २२ मिलिग्रॅम, गुणिले ३६० डेसीलिटर, ८ ग्रॅम. हा सगळा आठवडाभर साचलेला जुना माल पिशवीत येतो आणि त्या दिवशीचा ताळेबंद ५० ग्रॅम प्रोटीनने फुगतो. म्हणून मी पहिले दोन-तीन दिवस हा हिशोब करतच नाही. युरिया सपाट झाला की करते. तुझा आता झालाय.

नमुना घेताना सिस्टरना सांग, पिवळ्या एफ्लुअंट लाइनवरच्या पोर्टमधून घ्यायचा आणि त्याच वेळी रक्तही काढायचं. नळीवर 'एफ्लुअंट, युरिया' असं ठळक लिही. नाहीतर लॅब त्याला लघवी समजते आणि वेगळ्या पद्धतीने पातळ करून आकडा देते, किंवा नमुना परत येतो. आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. एफ्लुअंटचा युरिया रक्ताच्या युरियाला भागून जवळपास एक यायला हवा. आपला ८६ भागिले ९०, ठीक आहे. तो ०.८ च्या खाली उतरला तर फिल्टर आतून गोठत आलाय. फिल्टरच्या आधी द्रव देत असाल तर मुळातच थोडा कमी येतो, तेवढी सूट द्यायची. हे गुणोत्तर किडनीच्या डॉक्टरांनाही हवं असतं, त्यामुळे नमुना पाठवायला कुणी नाही म्हणणार नाही.

आता ९५ जळतात तर ९० का, ९५ किंवा १०० का नाही? कारण तो आकडा बिल भरल्यासारखा भरायचा नसतो. या अवस्थेतलं शरीर स्नायू मोडत असतं ते संसर्गामुळे, कॉर्टिसॉलमुळे, हालचाल नसल्यामुळे, रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे. वरून प्रोटीन ओतलं म्हणून ते मोडणं पूर्ण थांबत नाही. एका मर्यादेपलीकडे दिलेलं प्रोटीन यकृतात जाऊन युरिया होतं. साध्या पेशंटमध्ये तेव्हा रक्तातला युरिया चढतो आणि आपल्याला इशारा मिळतो. सीआरआरटीवर तो इशारा मिळत नाही, कारण मशीन तो युरिया तासागणिक पिशवीत टाकतं. रक्ताचा युरिया ९० वर सपाट आहे म्हणून २.५ पचतंय, असं म्हणता येत नाही. तो ९० आहे कारण मशीन सुरू आहे.

म्हणून पिशवी बघायची. आज पेशंटला ५८ ग्रॅम मिळतात असं धर, ते ९० वर नेलेस. ३२ ग्रॅम वाढले, म्हणजे नायट्रोजन ५ ग्रॅम. तीन दिवसांनी पुन्हा मोज. युरिया नायट्रोजन ११.३ वरून १३ झाला, तर पाचातले पावणेदोन जळले आणि सव्वातीन शरीरात राहिले. उत्तम. पण तो १६ च्या आसपास गेला, तर जवळपास सगळं जळतंय आणि तू फक्त युरिया तयार करते आहेस. तेव्हा वाढवायचं नाही, थांबायचं. आणि बघायचं की कॅलरी कमी पडतात का, नवा संसर्ग आलाय का, स्टिरॉइड सुरू झालंय का.

आयसीयूच्या सरांची भीतीही समजून घे. ते २०२३ सालच्या लॅन्सेटमधल्या एफर्ट चाचणीबद्दल बोलतायत. १६ देशांतले १३०१ पेशंट, एका गटाला २.२ किंवा जास्त, दुसऱ्याला १.२ किंवा कमी. जास्त प्रोटीनने लवकर घरी जाणं झालं नाही, आणि किडनीला इजा झालेल्यांमध्ये जास्त प्रोटीन घातक ठरत असल्याचं दिसलं. ही गंभीर गोष्ट आहे आणि मी ती मनावर घेते. पण ती चाचणी २.२ विरुद्ध १.२ अशी होती. दीडबद्दल ती थेट काही सांगत नाही. आणि किडनीच्या इजेच्या पेशंटांचं नंतर वेगळं पृथक्करण झालं, त्यात डायलिसिस मिळालेल्यांमध्ये ते नुकसान दिसेनासं झालं. फायदा मात्र तिथेही दिसला नाही. म्हणून २.५ चा आग्रह सोडायला ही चाचणी पुरेशी आहे, आणि पिशवीत गेलेले १२ ग्रॅम न भरण्याचं कारण तिच्यात नाही. सरांना हेच शांतपणे दाखव. १.२ अधिक ०.२ म्हणजे १.४ होतात. त्यांच्यात आणि किडनीच्या डॉक्टरांत फरक आहे तो ६ ग्रॅमचा, एका अंड्याएवढा.

त्यापेक्षा मोठा फरक लिहिलेल्या आणि पोचलेल्या प्रोटीनमध्ये असतो. तुझ्या फीडचा चार्ट काढ. समज, एका मिलीत एक कॅलरी आणि लिटरला ४५ ग्रॅम प्रोटीन असं फीड आहे, तासाला ६५ मिली लिहिलंय. चोवीस तासांचे १५६० मिली, ७० ग्रॅम. पण सीटीसाठी दोन तास बंद, रात्री उलटीसारखं वाटलं म्हणून तासभर बंद, पोझिशन बदलताना बंद केलं ते सुरू करायला तासभर विसरले. पोचले १२९० मिली. ५८ ग्रॅम. वर मी ५८ धरले ते असे. आदल्या दिवसाचे पोचलेले मिली रोज सकाळी स्वतः लिही. लिहिलेल्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नकोस.

५८ चे ९० करायला फीडच वाढवलंस तर दोन लिटर होईल, कॅलरी २००० होतील. या पेशंटला दीड हजाराच्या आसपास पुरे, आणि झोपेचं औषध प्रोपोफॉल सुरू असेल तर त्याच्या प्रत्येक मिलीतून १.१ कॅलरी चरबीच्या रूपाने जातेय. तासाला ८ मिली म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असाल तर त्यातूनही थोड्या कॅलरी जातात. म्हणून फीड तेवढंच ठेव आणि वर व्हे प्रोटीन दे. ज्या पावडरमध्ये शंभराला ८० ग्रॅम प्रोटीन आहे ती ४० ग्रॅम, त्यातून ३२ मिळतात. पाचव्या-सहाव्या दिवशी २० ग्रॅम पावडर, सातव्यापासून ४०. चार भाग कर, प्रत्येक वेळी १० ग्रॅम, ५० मिली पाण्यात. पाणी साधं किंवा कोमट. एका रात्रपाळीला सिस्टरने उकळतं पाणी घेतलं होतं. प्रेमानेच, गार पाण्याने पेशंटला बाधेल म्हणून. व्हे फाटलं, दह्याच्या कवडीसारख्या गाठी झाल्या आणि राईल्स ट्यूब बंद पडली. ती बदलेपर्यंत फीड सहा तास थांबलं. आता मी पावडरच्या डब्यावरच चिठ्ठी लावते: आधी पाणी, मग पावडर, न ढवळता दोन मिनिटं थांबा, मग हलक्या हाताने ढवळा, आणि नंतर ३० मिली पाण्याने ट्यूब धुवा.

पावडर निवडताना एक सांभाळ. दुकानात 'रीनल' लिहिलेले दोन प्रकारचे डबे मिळतात. एक डायलिसिसवर नसलेल्या जुन्या किडनीविकाराच्या पेशंटसाठी, त्यात प्रोटीन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. दुसरा डायलिसिसवरच्यांसाठी. रात्री नातेवाईक पहिला घेऊन येतात आणि तो तसाच सुरू होतो. डब्यामागचा तक्ता वाचल्याशिवाय चमचा घालू नकोस. तुझ्या पेशंटचं पोटॅशियम-फॉस्फरस मशीन ओढतंय, त्याला रीनल डब्याचीच गरज नाही. उलट फॉस्फरस रोज बघ, सीआरआरटीवर तो हमखास घसरतो आणि घसरला की व्हेंटिलेटरवरून उतरणं लांबतं. थायमिन, क, फोलेट ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. तांबं आणि सेलेनियम, मशीन दोन आठवडे चाललं तर.

पोट चालत नसेल तेव्हा शिरेतून अमिनो आम्लं द्यावी लागतात. दहा टक्क्यांच्या ५०० मिली बाटलीत ५० ग्रॅम अमिनो आम्लं असतात, पण ते ५० ग्रॅम प्रोटीन नव्हे. अमिनो आम्लं जोडून प्रोटीन बनताना पाणी निघून जातं, म्हणून ५० चे सुमारे ४१. चोवीस तासांवर सावकाश दे. दिलेल्यातला दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त मशीन घेतं, तो १२ ग्रॅममध्ये धरलेला आहेच, पुन्हा वेगळा जोडू नकोस. आणि पिशवीत सर्वांत जास्त ग्लुटामिन जातं म्हणून तेवढं वेगळं भरून देण्याचा मोह आवर. २०१३ मधल्या मोठ्या चाचणीत अनेक अवयव निकामी झालेल्यांना ग्लुटामिन दिल्यावर मृत्यू वाढले होते, आणि त्यात किडनीचे पेशंट होते.

राहिला भाऊ. त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. डायलिसिसशिवाय घरी असलेल्या किडनीच्या पेशंटला डाळ-अंडं मोजून सांगतात हे त्याने ऐकलंय. त्याला मशीनपाशी ने आणि पिवळी पिशवी दाखव. सांग, "दादा, प्रोटीनचा कचरा किडनीला काढता येत नाही म्हणून घरच्या पेशंटला कमी देतात. इथे तो कचरा या पिशवीत जातो. पण त्यासोबत कामाचंही थोडं जातं, ते आम्ही पावडरीने भरतो. नाही भरलं तर शरीर दंडाचं मांस मोडून ते घेतं." ५८ ग्रॅमवर या पेशंटचा रोजचा तुटवडा ६ ग्रॅम नायट्रोजनचा आहे. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे साधारण ३० ग्रॅम मांस. दिवसाला १८० ग्रॅम. माझ्या एका पेशंटच्या बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने काही न बोलता नवऱ्याच्या दंडाभोवती बोटं धरून पाहिली होती. नंतर रोज सकाळी ती मला पोचलेल्या फीडचे मिली विचारायची.

सीआरआरटी बंद होईल त्या दिवशी हा कागद फाडून नवा कर. डॉक्टरांनी एक दिवसाआड डायलिसिस किंवा स्लेड, म्हणजे आठ-दहा तासांचं सावकाश डायलिसिस, सुरू केलं, तर १.३ ते १.५ मध्ये ठेव. किडनी परतली नाही तरी काही दिवस मशीनशिवाय थांबून बघायचं ठरलं, तर पिशवीचे १२ ग्रॅम लगेच वजा कर आणि १ ते १.३ मध्ये ये. त्या दिवसांत युरिया चढेल. तो रोखण्यासाठी कुणी प्रोटीन ०.६ वर आणायला सांगितलं तर, डायलिसिस टाळायला प्रोटीन तोडू नये असं केडिगोत स्पष्ट लिहिलंय, ते दाखव. आणि त्या दिवसापासून लघवी चोवीस तास जमा करायला सांग, कारण आता तुझा युरिया नायट्रोजन पिशवीतून येणार नाही, तिथून येईल.